भावना न सांगता हायकू कसा लिहायचा

पाऊस आला
बाबांच्या आठवणी
डोळ्यांत पाणी

या तीन ओळी मोजून पाहा. पाच, सात, पाच अक्षरे आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीचे यमक जुळते. पाऊस आहे, म्हणजे ऋतूही आला. नव्याने हायकू लिहिणारे बहुतेक जण इथे पोचतात आणि थांबतात, कारण नियमांच्या यादीत आता काही उरलेले नसते. पण वाचणाऱ्याला यात दिसत काहीच नाही. कोणाचे बाबा, कोणता पाऊस, आठवण कशामुळे आली, यातले काही कळत नाही. कळते ते एवढेच की लिहिणाऱ्याला वाईट वाटले. वाचकाने काय वाटून घ्यायचे तेही कवीनेच सांगून टाकले आहे, त्यामुळे त्याला करायला काही उरत नाही.

या लेखात याच तीन ओळी घेऊन त्यांचा हायकू होईपर्यंत जाऊ. वाटेत जपानी परंपरेतल्या दोन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतील: ऋतू सांगणारा शब्द, ज्याला तिथे किगो म्हणतात, आणि कवितेचे दोन भाग करणारा छेद, ज्याच्यासाठी किरेजी नावाचे खास शब्द आहेत. बाकीचे नियम या दोहोंपुढे दुय्यम आहेत, असे माझे मत आहे.

आधी मोजणीचे उरकून घेऊ

जपानी हायकूत १७ ‘ओन’ असतात. ओन म्हणजे उच्चाराचे सर्वांत लहान माप. दीर्घ स्वर तिथे दोन मोजतात आणि शब्दातला ‘न्’ही वेगळा मोजतात. आपण ज्याला तोक्यो म्हणतो त्या शहराच्या नावाचे तिथे चार ओन होतात. मराठीत आपण लिहिलेली अक्षरे मोजतो. ‘पाऊस’ची अक्षरे तीन, पण शेवटचा ‘स’ पूर्ण उच्चारला जात नाही, म्हणून तोंडी ऐकू येतात ते दोनच ठेके. त्यामुळे मराठीतली १७ अक्षरे बोलताना बरीच आटोपशीर होतात आणि हायकूला हवा तितकाच श्वास घेतात. ५-७-५ चा साचा म्हणूनच मराठीला सोसतो.

पण त्याच्यासाठी भरतीचे शब्द घालू नका. वाळक्या फांदीवर बसलेला कावळा आणि शरदातली संध्याकाळ एवढेच असलेला, सतराव्या शतकातला जपानी कवी बाशो याचा प्रसिद्ध हायकू घ्या. त्याची मधली ओळ नऊ ओनची आहे. १६८० च्या सुमाराला लिहिलेल्या पहिल्या पाठात ती दहाची होती, पुढे त्याने ती बदलली. बदलतानाही ती सातवर आणायचा त्याने हट्ट धरला नाही.

यमकाची गोष्ट वेगळी आहे. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि तीनपैकी दोन ओळींना यमक असण्याची पद्धत आपल्याकडे तेव्हापासून चालत आली. जपानी हायकूत यमक नसते. मराठी कानाला ते गोड लागते हे खरे, पण शिकताना पहिले काही महिने यमक बाजूला ठेवा असे मी सुचवेन. वरच्याच ओळी बघा. ‘आठवणी’ लिहिल्यावर यमकासाठी ‘पाणी’ आपोआप आले आणि त्याच्यामागून डोळे आले. तो शब्द लिहिणाऱ्याने निवडलेला नाही, यमकाने निवडला.

घडले काय ते आधी गद्यात लिहा

हायकूची सुरुवात भावनेपासून करू नका. वहीत साध्या गद्यात दोन-तीन वाक्ये लिहा: कुठे होतात, काय पाहिले, हातात काय होते. विशेषणे टाळा. पोलीस पंचनामा लिहितात तितके कोरडे लिहिले तरी चालेल.

आपल्या उदाहरणामागचा प्रसंग असा समजू. जूनचा दुसरा आठवडा. ऑफिसला निघताना सर आली. घरातली छत्री सापडेना, म्हणून माळ्यावरची काळी, लाकडी मुठीची छत्री काढली. ती वडिलांची. रस्त्यावर उघडली तेव्हा कापडावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव दिसले. छत्री हरवू नये म्हणून पूर्वी दुरुस्तीवाल्याकडून असे नाव घालून घेत. वडील दोन वर्षांपूर्वी गेले.

आता या टिपणातली प्रत्येक गोष्ट वेगळी काढा: जून, सर, माळा, काळी छत्री, लाकडी मूठ, पांढरे नाव, वडिलांचे जाणे. हायकूत यातल्या दोन, फार तर तीन गोष्टी मावतात. कोणत्या ठेवायच्या हाच खरा प्रश्न आहे. शेवटची गोष्ट, म्हणजे वडिलांचे जाणे, कवितेत येता कामा नये. ती बाकीच्यांतून वाचकाला सापडली पाहिजे.

ऋतूचा शब्द: पाऊस पुरेसा नाही

जपानी कवींकडे ऋतुशब्दांचे कोश असतात, त्यांना साइजिकी म्हणतात. वसंत, ग्रीष्म, शरद, हेमंत आणि नववर्ष असे त्यांचे भाग पाडलेले असतात आणि कोणता शब्द कुठे बसतो हे ठरलेले असते. नुसते ‘चंद्र’ म्हटले की तिथे शरद. बेडूक म्हणजे वसंत. बाशोच्या १६८६ सालच्या प्रसिद्ध हायकूत जुन्या तळ्यात उडी मारणारा बेडूक वसंतातला आहे, हिवाळ्याची शांतता नुकतीच मोडत असतानाचा. मराठी वाचकाच्या डोक्यात बेडूक म्हणताच आषाढातला पाऊस आणि रात्रभरचे डरांव डरांव सुरू होते. म्हणजे जपानी कोश उचलून आपल्याकडे चालणार नाही. शब्द आपल्या हवेतलाच हवा.

आणि तो नेमका हवा. ‘पाऊस’ म्हटले तर चार महिने आले. एवढ्या मोठ्या काळात क्षण हरवतो. आपल्या शेतकऱ्यांनी पावसाची नावे आधीच बारीक पाडून ठेवली आहेत. सूर्य एकेका नक्षत्रात साधारण १३-१४ दिवस असतो आणि तेवढ्या दिवसांचा पाऊस त्या नक्षत्राच्या नावाने ओळखला जातो. ७-८ जूनला मृग लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, पुढे आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या शेवटाला हस्त. प्रत्येकाचा स्वभाव लोकांना माहीत असतो. मृग म्हटले की धूळ बसल्याचा वास, पेरणीची घाई, लाल मखमली किडे आणि शाळेची नवी वह्या-पुस्तके हे सगळे न सांगता येते. ऋतुशब्दाचे काम हेच आहे. तो एकटा येत नाही, मागे बरेच काही घेऊन येतो, म्हणून उरलेल्या बारा अक्षरांना स्पष्टीकरणाचे ओझे उचलावे लागत नाही.

पावसाबाहेरही असे नेमके शब्द भरपूर आहेत. हुरडा थंडीतला. पळस फुलतो तो होळीच्या आसपास. गच्चीवरच्या कुरडया-पापड्या म्हणजे कडक ऊन. काजवे पावसाच्या अगदी तोंडावर. सातवीण फुलली की तिच्या उग्र वासावरून ऑक्टोबर ओळखावा. शब्द निवडताना स्वतःला विचारा: ही गोष्ट वर्षात किती दिवस दिसते? जितके दिवस कमी, तितका शब्द कामाचा. ‘फूल’, ‘वारा’, ‘ऊन’, ‘पक्षी’ यांना तारीखच नसते.

एक पथ्य मात्र पाळावे. एका हायकूत शक्यतो एकच ऋतुशब्द असावा. दोन आले की ते एकमेकांशी झगडतात. ‘मृगाची सर’ आणि ‘पागोळ्या’ एकत्र आणल्या तर दुसरा शब्द नवे काही देत नाही, फक्त जागा खातो.

मधला छेद

हायकू तीन ओळींत लिहितात, पण त्याचे भाग दोनच असतात. एका बाजूला पाच अक्षरे, दुसऱ्या बाजूला बारा. कधी उलट. दोन भागांच्या मध्ये एक तुटलेपण असते. जपानीत त्या जागी ‘या’, ‘काना’, ‘केरी’ असे शब्द येतात, ज्यांना स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. ते थांबवतात, एखाद्या गोष्टीवर भर देतात. मराठीत असे शब्द नाहीत. आपण क्रियापद न घालता नामावर थांबतो, किंवा छोटी आडवी रेघ देतो. मोठ्याने वाचताना आवाज तिथे एकदाच थांबला पाहिजे. प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबावेसे वाटत असेल तर ते तीन वेगवेगळे तुकडे झाले. कुठेच थांबावेसे वाटले नाही तर एक गद्य वाक्य तीन ठिकाणी मोडले आहे.

छेद खरा आहे की दिखाऊ, हे ओळखायला मी एक चाचणी वापरतो. दोन भागांच्या मध्ये ‘म्हणून’ घालून बघायचे, मग ‘जणू’ घालून बघायचे. दोहोंपैकी एक जरी चपखल बसला तर छेद पडलेला नाही. ‘म्हणून’ बसला तर तुम्ही कारण सांगत आहात. ‘जणू’ बसला तर उपमा देत आहात. दोन्ही बसले नाहीत आणि तरीही त्या गोष्टी एकमेकींजवळ राहाव्याशा वाटत असतील, तर वाचक त्यांच्यामधली वाट स्वतः चालतो, आणि भावना त्याला त्या वाटेवर भेटते.

आता खर्डे

ऋतुशब्द मिळाला. आता पहिली दुरुस्ती:

मृगाची सर
बाबांची जुनी छत्री
रडू लागली

छत्री आली, हे चांगले झाले. आता हातात धरता येईल अशी एक वस्तू आहे. पण रडणे गेलेले नाही. आधी कवीच्या डोळ्यांत होते, आता ते छत्रीवर लादले. निर्जीव वस्तूला माणसासारखे वागवले की आपण भावना सांगितली नाही असे वाटते, प्रत्यक्षात ती अधिकच जोरात सांगितलेली असते. ‘हसरी फुले’, ‘उदास संध्याकाळ’, ‘रुसलेला पाऊस’ या सगळ्यांचा दोष हाच. ‘जुनी’ हा शब्दही तपासा. छत्री जुनी आहे हे दिसत नाही, सांगितले जाते.

पहिली सर
माळ्यावर शोधली
बाबांची छत्री

यात रडणे नाही. जे घडले ते सरळ लिहिले आहे आणि प्रामाणिकपणे लिहिले आहे. तरी ‘म्हणून’ घालून बघा: सर आली म्हणून छत्री शोधली. अगदी बेमालूम बसला. ही एक छोटी बातमी झाली. पाऊस आल्यावर कोणीही छत्री शोधेल, त्यात थांबून बघण्याजोगे काही नाही. ‘पहिली सर’ही सैल आहे. ती वळवाचीही असू शकते, एप्रिलमधली.

अशा वेळी पुन्हा टिपणाकडे जावे. त्यातली कोणती गोष्ट इतकी नेमकी आहे की ती दुसऱ्या कोणाच्या टिपणात सहजी आली नसती? लाकडी मूठ पुष्कळ छत्र्यांना असते. माळाही घरोघरी असतो. पांढऱ्या रंगातले नाव ही या छत्रीची स्वतःची गोष्ट आहे.

मृगाची सर—
छत्रीवर पांढरे
बाबांचे नाव

‘मृगाची सर म्हणून छत्रीवर नाव’ होत नाही. ‘जणू’ही होत नाही. छत्री कोणी धरली आहे हे लिहिलेले नाही, पण नाव डोक्यावर आहे आणि ते वाचणारा मुलगा किंवा मुलगी खाली उभी आहे, हे दिसते. बाबा स्वतःची छत्री घेऊन का निघाले नाहीत, हा प्रश्न वाचकाच्या मनात उठतो. उत्तर कवितेत नाही.

मधल्या ओळीवर अजून थोडे थांबू, कारण बहुतेक हायकू अशाच एका शब्दावर बिघडतात. ‘पांढरे’च्या जागी ‘अजून’ घातले तरी अक्षरे तितकीच राहतात: छत्रीवर अजून, बाबांचे नाव. पहिल्यांदा वाचताना हा पाठ जास्त हेलावून टाकतो, आणि त्याचसाठी तो नको. ‘अजून’ म्हणताच बाबा नाहीत हे सांगून झाले. ‘अजून’, ‘आता’, ‘फक्त’, ‘एकटा’, ‘पुन्हा’, ‘तरीही’ हे शब्द निरुपद्रवी दिसतात, पण त्यांच्यातून कवी वाचकाच्या कानात बोलत असतो. ‘पांढरे’ मात्र फक्त डोळ्यांना दिसते. काळ्या कापडावरचा तो रंग, पावसाने ओला झालेला. शंका आली की जो शब्द पंचेंद्रियांना कळतो तो ठेवावा.

आता ऋतुशब्द खरोखर काम करतो आहे का, हे तपासायला तो बदलून बघा. ‘हस्ताची सर’ लिहिले तरी पाचच अक्षरे होतात. पण चित्र वेगळे होते. हस्तापर्यंत पावसाळा सरत आलेला असतो. ती छत्री चार महिने रोज हातात होती आणि नाव कितीतरी वेळा दिसून गेले आहे. मृगात मात्र छत्री वर्षातून पहिल्यांदा उघडते, नाव अचानक समोर येते. दोन्ही हायकू होऊ शकतात, दोन्हींतले दुःख सारखे नाही. ऋतू बदलल्यावर कवितेत काहीच हलले नसते, तर तो शब्द केवळ शोभेला होता असे समजावे.

थोडे अधिक अंतर

सर आणि छत्री एकमेकींच्या जवळच्या आहेत. सवय झाली की दोन भागांमधले अंतर वाढवून बघा.

बहावा फुले—
शाळेच्या फळ्यावर
वीस एप्रिल

बहावा आणि फळा यांचा आपसात संबंध नाही. पिवळ्या झुंबरांनी झाड भरले आहे म्हणजे मे महिना आला, आणि फळ्यावर तारीख परीक्षेच्या दिवसांतली. शाळा तेव्हापासून बंद आहे हे वाचकाने ताडायचे. इथे एक मोह होतो, ‘जुनी तारीख’ लिहिण्याचा. तीही पाच अक्षरेच आहेत. पण जुनी कशी हे वाचकाला ठरवू द्यायचे तर खरी तारीखच लिहावी. एप्रिल हाही काळ दाखवणारा शब्द आहे आणि मी वर एकच ऋतुशब्द ठेवा म्हटले होते. इथे दोन चालतात, कारण ऋतू बहाव्याचाच आहे. एप्रिल फळ्यावर थांबून राहिलेला आहे, आणि त्या दोहोंच्या मधल्या रिकाम्या दिवसांवरच हायकू उभा आहे.

अंतर फार झाले तर मात्र धागा तुटतो. बहाव्याशेजारी सातव्या मजल्यावरची लिफ्ट ठेवली तर वाचक दोन्हींकडे बघून पुढे जाईल. यासाठी माप नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच ठिकाणी उभे राहून खरोखर पाहिल्या असतील, तर बहुधा अंतर ठीक जमते. घरी बसून जोडलेल्या जोड्या बहुधा उघड्या पडतात.

मराठी वाचक चारोळीवर पोसलेला असल्यामुळे आणखी एक सवय मोडावी लागते. चारोळीत शेवटची ओळ कलाटणी देते, वाहवा तिथे मिळते. हायकूची तिसरी ओळ कलाटणी देऊ लागली की पहिल्या दोन ओळी तिची तयारी होऊन बसतात आणि एकदा वाचल्यावर त्यांच्याकडे परतावेसे वाटत नाही. तुमची तिसरी ओळ फार जोरकस वाटत असेल तर ती पहिली करून बघा. ‘बाबांचे नाव, छत्रीवर पांढरे, मृगाची सर’ असेही वाचता येते; कविता मोडत नाही, फक्त पावसात संपते.

दुसऱ्याला वाचून दाखवताना

‘कसा वाटला?’ असे विचारू नका. समोरचा ‘छान’ म्हणेल आणि तुम्हाला काही कळणार नाही. ‘काय दिसलं?’ असे विचारा. छत्रीचा रंग काळा असे त्याने सांगितले, जो कवितेत नाही, तर चित्र उभे राहिले आहे. त्याला छत्री घेऊन शाळेत निघालेले लहान मूल दिसले आणि बाबा घरी सुखरूप असले, तरी चूक म्हणू नका, आणि ‘नाही, माझे वडील गेले आहेत’ असा खुलासा तर मुळीच करू नका. तेवढी मोकळीक हायकूत असतेच. पण त्याने ‘म्हणजे नक्की काय झालं?’ असे विचारले तर कुठला तरी तपशील कमी पडतो आहे. अशा वेळी भावना वाढवायची नाही, वस्तू अधिक नेमकी करायची.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी तिथलाच ऋतू घ्यावा. न्यू जर्सीत ऑक्टोबरात मेपलची पाने तांबडी होतात, दुबईत खजुराचे घोस उन्हाळ्यात पिकतात. हे शब्द मराठी हायकूत बिनदिक्कत येऊ द्या. तिथे बसून आठवणीतला मृग लिहिला तर बहुतेक वेळा तो क्षण न राहता ओढ होते, आणि ओढ सांगावी लागते.

शीर्षक मात्र देऊ नका. हायकूला ते नसते, आणि छत्रीच्या त्या तीन ओळींवर ‘बाबा’ किंवा ‘आठवण’ असे लिहिलेत, तर इतक्या खर्ड्यांतून जे काढून टाकले ते सगळे एका शब्दात परत येईल.